सेवा नाही, मग परवाना शुल्क कशाचं?

प्रश्न : माझं छोटं उपाहारगृह आहे. नगरपालिकेने परवाना शुल्क यंदा एकदम चौपट केलं. बदल्यात सेवा शून्य. कचरासुद्धा मी पदरचे पैसे देऊन उचलून घेतो. मालमत्ता कर वेगळा भरतोच. हे शुल्क भरायला मी नकार देऊ शकतो का?

उत्तर : नकार देऊ नका. शुल्क थकलं की नूतनीकरण अडतं, आणि विनापरवाना धंदा केल्याची कारवाई तुमच्यावरच होते. आव्हान मात्र जरूर देता येईल, पण फक्त 'सेवा मिळत नाही' या मुद्द्यावर विसंबू नका.

करामागे सेवेची अट नसतेच. शुल्काच्या बाबतीत पूर्वी न्यायालयं मोबदल्याचा काटेकोर हिशोब मागत. पुढे ती कसोटी सैल झाली. परवाना शुल्काचं तर वेगळंच. हैदराबादच्या हॉटेलमालकांच्या खटल्यात 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धंद्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी घेतलेल्या शुल्काला प्रत्यक्ष सेवेची गरज नाही. फक्त ते अवाजवी नसावं. तपासणी, नोंदी, देखरेख यांचा खर्च त्यातून भागवायचा असतो. त्यामुळे कचऱ्याचा मुद्दा इथे फारसा चालणार नाही. चौपट वाढ कशाच्या आधारावर, हा चालेल.

समजा, वाढ त्या खर्चाच्या कितीतरी पुढे गेली आणि तिचा हेतू निव्वळ तिजोरी भरण्याचा दिसला. मग ते नावाला शुल्क आणि प्रत्यक्षात कर ठरू शकतं. पण तेवढ्याने तुम्ही जिंकलात असं नाही. कलकत्त्याच्या लिबर्टी चित्रपटगृहाचं परवाना शुल्क वर्षाला 400 रुपयांवरून 6000 वर गेलं होतं. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कर असल्याचं मान्य केलं, तरीही वसुली वैध ठरवली, कारण बहुमताच्या मते कायद्याने महापालिकेला तो अधिकार दिला होता. उलट 2005 मध्ये त्याच शहरात मिळकतीच्या नावबदलासाठी तिच्या किमतीनुसार घेतलं जाणारं शुल्क रद्द झालं. तोही करच निघाला, पण तो लावायचा अधिकार कायद्यात नव्हता. संविधानाचं कलम 265 हेच सांगतं : कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही.

म्हणून आधी माहिती अधिकारात अर्ज करा. वाढीचा ठराव, ज्या कलमाखाली तो झाला ते कलम, लागत असेल तिथे शासनाची मंजुरी, आणि गेल्या तीन वर्षांत परवाना विभागाची जमा किती व खर्च किती, एवढंच मागा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. शुल्क भरताना सोबत 'हरकत राखून भरत आहे' असं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. परतावा मागायची वेळ आली तर हाच कागद लागेल.

ठरावच नसेल, कलमात एवढा अधिकार बसत नसेल किंवा जमा आणि खर्च यांत मोठी तफावत असेल, तर उच्च न्यायालयात कलम 226 खाली रिट याचिकेला चांगला आधार आहे. जमा-खर्च साधारण जुळत असेल, तर मी तुम्हाला याचिकेच्या खर्चात पडू देणार नाही.