क्वालिटी इन्स्पेक्टरचा वेश कसा करायचा?

*मुलगी दुसरीत आहे. शाळेत आई-बाबांची मुलाखत घेऊन त्यांच्या कामाच्या वेशात दोन मिनिटं बोलायचंय. बाबा अंबडला मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. ना कोट, ना टोपी. दाखवायचं काय?*

मी सातपूरला हेच काम बरीच वर्षं केलंय आणि माझ्या लेकीच्या वेळी सपशेल तोंडावर आपटलोय. भाषण मीच लिहून दिलं होतं. ‘गुणवत्ता नियंत्रण’ला ती अडखळली ती अडखळलीच.

म्हणून आधी मुलाखत, आणि तीही लेकीच्या प्रश्नांनी. ‘तुम्ही काय काम करता?’ विचारलं की बाबा हुद्दा सांगून मोकळे होतील. त्यापेक्षा तिला विचारू दे, की कामावर गेल्यावर पहिल्यांदा हातात काय घेता? जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, चुकलाय हे कसं कळतं? आणि चुकलेल्याचं काय करता? बाबांच्या बोलण्यात स्नॅप गेज, म्हणजे जॉबची जाडी मापात आहे का हे दोन खाचांनी तपासायचं साधन, येईल, तिथेच थांबा. दोन मिनिटांना तेवढं पुष्कळ.

कंपनीतलं गेज मात्र आणू नका. ते कॅलिब्रेट केलेलं, म्हणजे माप अचूक आहे हे तपासून घेतलेलं असतं, वर्गात पडलं तर बाबांची पंचाईत. जाड पुठ्ठ्याचं बनवा. कडेला दोन खाचा कापायच्या: ‘गो’ स्केचपेनपेक्षा किंचित रुंद, ‘नो-गो’ किंचित अरुंद. मग तीन ‘जॉब’ घ्यायचे. स्केचपेन ‘गो’मधून जातं आणि ‘नो-गो’वर अडतं, म्हणजे पास. जाडा मार्कर ‘गो’मध्येच शिरत नाही. तो परत लेथवर, कारण जास्तीचं धातू अजून काढता येतं. बारीक पेन्सिल दोन्हींतून सुळकन जाते. ती भंगारात, कारण काढलेलं धातू परत चिकटवता येत नाही. मुलांना मुद्दा पटतो तो या पेन्सिलीमुळेच (जाड ते वाईट आणि बारीक ते चांगलं, असा त्यांचा आधीचा अंदाज असतो).

वेश साधा ठेवा. निळा शर्ट, तिच्या मापाचा, बाह्यांची बटणं लावलेली. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर पारदर्शक गॉगल, पायात शाळेचेच काळे बूट. बाबांचे सेफ्टी शूज जड असतात, त्यात ती चालूच शकणार नाही. भाड्याच्या ड्रेसबरोबर हातमोजे मिळतात, ते घालू नका. फिरत्या लेथजवळ हातमोजा गुंडाळला जाऊन हात आत ओढला जातो, म्हणून तिथे ते चालत नाहीत. ‘मोजे का नाहीत?’ असं बाईंनी विचारलं तर लेकीला सांगता आलं पाहिजे.

आणि एक. गेज वर्गात फिरवलं की कुणीतरी स्केचपेन ‘नो-गो’त दाबून घुसवणारच, पुठ्ठा फाटेल. दुसरा करून दप्तरात ठेवा. तिला एवढंच म्हणायला शिकवा, ‘दाबायचं नाही, आपोआप गेलं पाहिजे.’ बाबा नव्या पोरांना रोज हेच सांगत असतील.