फोन चार्जही होत नाही, सुरूही होत नाही: बॅटरी गेली की चार्जिंग पिन?

"काल रात्रीपासून माझा अँड्रॉइड फोन पूर्ण बंद आहे. चार्जर लावला तरी बॅटरीचं चित्रसुद्धा येत नाही. दुकानदार बॅटरी बदला म्हणतो, पण चार्जिंग पिन खराब असली तर? कसं ओळखायचं?"

फोन न उघडताही बरंच कळतं. मी सीताबर्डीत मोबाइल दुरुस्त करतो. असा फोन आला की स्क्रू काढण्याआधी मी चार्जर आणि केबलच्या मध्ये यूएसबी मीटर लावतो. फोन किती करंट ओढतोय ते त्यावर अँपिअरमध्ये दिसतं.

परवा आटाचक्कीवाले एक काका असाच फोन घेऊन आले. त्यांनाही कुणीतरी बॅटरीच सांगितली होती. मीटर लावला: ०.००. केबल बदलली, तरी ०.००. बॅटरी नुसती उतरलेली असती तर फोनने थोडा तरी करंट ओढला असता. मग लक्षात आलं की केबल पूर्ण आत बसतच नाही, बाहेर जरा फट राहते. टॉर्च मारला तर टाइप-सी पिनच्या तळाशी पीठ आणि खिशातला कापूस दाबून घट्ट बसलेला. लाकडी टूथपिकने कडेकडेने हळूच उकरला. सुई मात्र कधीच घालू नका, आतली बारीक पट्टी वाकते.

पुन्हा केबल लावल्यावर आकडा ०.१० च्या आसपास आला आणि तिथेच थांबला. इथेच माणसं घाई करतात. बॅटरी फार खाली गेलेली असली की फोन आधी तिला अगदी थोड्या करंटने उठवतो, तोवर पडदा काळाच राहतो. वीसेक मिनिटांनी आकडा १ च्या वर चढला आणि चित्र आलं. बॅटरी चांगली होती.

तुमचा आकडा तास-दीड तासानंतरही तिथेच अडकला, किंवा लोगो येऊन फोन पुन्हा पुन्हा बंद होत राहिला, तर संशय बॅटरीवर घ्या. केबल हलवली की आकडा उड्या मारत असेल तर पिन सैल आहे. साफ करूनही ०.०० च राहिला तर दोष पिनचा, पिन जिच्यावर बसवलेली असते त्या छोट्या पट्टीचा किंवा मेन बोर्डचा. यातलं नेमकं कोणतं ते मीटर सांगत नाही, त्यासाठी फोन उघडावाच लागतो. वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर तेही करून बघा. त्यावर फोन उठला तर बॅटरी जिवंत आहे, दोष पिनच्या बाजूचा.

मीटर नसेल तर दुकानदाराला तुमच्यासमोर लावायला सांगा. पण मागचं झाकण उचललेलं किंवा पडदा कडेने वर आलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. मग फोन चार्जरला अजिबात लावू नका, तसाच दुकानात न्या.