१०११ डिटेक्टर: चौथा बिट यायच्या आधीच एलईडी का लागतो

प्रश्न: दादा, मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १०११ ओळखणारा, ओव्हरलॅप चालणारा मीली डिटेक्टर ब्रेडबोर्डवर बांधला. ७४७४ वापरलाय, क्लॉक बटणाने देतो. १, ०, १ एवढं दिलं की चौथा बिट द्यायच्या आधीच एलईडी लागतो. आयसी सीताबर्डीहून नवीन आणलेत. D ची समीकरणं चुकली असतील का?

उत्तर:

समीकरणं चुकलेली वाटत नाहीत. तू सांगतोस ते लक्षण बरोबर जोडलेल्या मीली सर्किटचंच आहे. तरी आधी तुझं टेबल माझ्याशी जुळवून घे, म्हणजे पुढचं बोलणं एकाच सर्किटबद्दल होईल.

प्रत्येक स्टेट म्हणजे १०११ चा आत्तापर्यंत जुळलेला भाग. 00 म्हणजे काहीच जुळलं नाही, 01 म्हणजे "१" आला, 10 म्हणजे "१०", आणि 11 म्हणजे "१०१". तिरप्या रेघेच्या आधी पुढची स्टेट, नंतर आउटपुट.

```
Q1Q0    x=0     x=1
 00     00/0    01/0
 01     10/0    01/0
 10     00/0    11/0
 11     10/0    01/1
```

मुलं बहुतेक शेवटच्या ओळीत अडकतात. "१०१" नंतर ० आला तर जुळणी मोडते, पण सगळी नाही. १०१० च्या शेवटी "१०" आहेच, म्हणून परत 00 ला न जाता 10 ला जायचं. तसंच १०११ पूर्ण झाल्यावर शेवटचा १ हा पुढच्या जुळणीचा पहिला १ होऊ शकतो, म्हणून 01. ओव्हरलॅप चालणं म्हणजे एवढंच.

D फ्लिप-फ्लॉपमध्ये पुढची स्टेट हीच D ची किंमत असते, त्यामुळे टेबलावरून थेट के-मॅप भरता येतो.

```
D1 = Q0·x' + Q1·Q0'·x
D0 = x
Y  = Q1·Q0·x
```

D0 ला एकही गेट लागत नाही. ही स्टेटला दिलेल्या कोडची कृपा आहे: ज्या स्टेटमध्ये शेवटचा बिट १ होता त्या दोन्हींना Q0 = 1 दिलंय, म्हणून Q0 फक्त मागचा बिट लक्षात ठेवतो. याच चार स्टेटना ग्रे कोड, म्हणजे क्रमाने 00, 01, 11, 10, देऊन बघ. D1 च्या मॅपमध्ये तीन एक येतात आणि त्यातले कुठलेही दोन शेजारी नसतात, म्हणून तीन-तीन अक्षरांची तीन पदं तशीच राहतात. त्यामुळे ग्रे कोड दिला की सर्किट छोटं होतंच, असं धरून चालू नको.

व्हायवात JK विचारला तर एक्सायटेशन टेबल लावून हे येतं:

```
J1 = Q0·x'    K1 = Q0·x + Q0'·x'
J0 = x        K0 = x'
```

जोडणीत Q1·x एकदाच काढ आणि त्याचा एकदा Q0' शी, एकदा Q0 शी अँड कर. मग Q0·x' धरून बरोबर चार अँड गेट होतात, म्हणजे एक ७४०८ पुरतो. ऑरसाठी ७४३२, x' साठी ७४०४, आणि Q0' फ्लिप-फ्लॉपच्याच पायावर तयार मिळतो.

आता तुझा एलईडी. तिसरा बिट १ होता. तू x चा स्विच १ वर ठेवलास, क्लॉक दाबलास, स्टेट 11 झाली. पण स्विच अजून १ वरच आहे, चौथा बिट तू अजून लावलेलाच नाहीस. Y मध्ये फ्लिप-फ्लॉप नाही, नुसतं अँड गेट आहे. त्याला Q1, Q0 आणि x तिन्ही १ दिसतात आणि ते लगेच १ देतं. तिसऱ्या बिटाचा उरलेला १ ते चौथा बिट म्हणून वाचतंय. ज्या नमुन्याचे शेवटचे दोन बिट सारखे असतात, तिथे हे असंच दिसतं.

खात्री करायला क्लॉकला हात न लावता x चा स्विच ० कर, एलईडी विझेल. परत १ कर, लागेल. असं झालं तर तुझं सर्किट निर्दोष आहे. पुढे x = 1 ठेवून चौथा क्लॉक दाबलास की एलईडी विझेल, कारण स्टेट 01 झाली. म्हणजे ज्या क्षणी नमुना पूर्ण झाला असं तुला वाटतं, त्याच क्षणी दिवा जातो.

मीलीचं आउटपुट वाचायची वेळ ठरलेली आहे: नवीन बिट लावून झाल्यावर आणि क्लॉकची राइजिंग एज येण्याच्या ठीक आधी. टेबलातला /1 त्या क्षणाबद्दल बोलतो. एजनंतर आणि x बदलायच्या आधी Y काय दाखवतो याला टेबलात अर्थच नाही.

पण परीक्षक दिवा बघणार, त्याला वाचायची वेळ कोण समजावणार? म्हणून Y सरळ एलईडीला देऊ नकोस. आणखी एक D फ्लिप-फ्लॉप घे, त्याच्या D ला Y, क्लॉक तोच, आणि एलईडी त्याच्या Q वर. त्याला Z म्हणू. तिसऱ्या एजनंतरचा खोटा १ आता Z पर्यंत पोचत नाही, कारण Z फक्त पुढच्या एजला बघतो आणि तोवर खरा चौथा बिट लागलेला असतो. चौथ्या एजला Z एक होतो आणि पाचव्या एजपर्यंत तसाच राहतो.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. Z = 1 असताना Q1Q0 नेहमी 01 च असतं. म्हणजे तिन्ही फ्लिप-फ्लॉप मिळून पाचच जोड्या येतात: Z = 0 सोबत चार आणि Z = 1 सोबत एक. मूर पद्धतीने पाच स्टेट मांडून डिझाइन केलं असतंस तरी तीनच फ्लिप-फ्लॉप लागले असते. तू तेच मूर मशीन बनवलंस, फक्त D1 आणि D0 ला हात न लावता.

७४७४ चे प्रीसेट (पाय ४ आणि १०) सरळ ५ व्होल्टला बांध. क्लिअर (पाय १ आणि १३) एका रीसेट बटणावर घे, कारण सप्लाय दिल्यावर फ्लिप-फ्लॉप कुठल्याही स्टेटमध्ये उठू शकतात. चारही पाय शून्यावर चालतात, मोकळे सोडू नकोस.

बटणाच्या बाउन्सची शंका असेल तर त्याचं लक्षण वेगळं असतं. एका दाबात दोन एज गेल्या तर दुसऱ्या बिटाचा ० दोनदा मोजला जातो, स्टेट 10 वरून 00 ला घसरते आणि "१०१" कधी जुळतच नाही. एलईडी अजिबात न लागणं हे बाउन्सचं, आधीच लागणं हे नव्हे. तरी दोन नँड गेटचा लॅच आणि दोन बाजूंचा स्विच लावून क्लॉक स्वच्छ कर.

तपासायला रीसेट करून १०११०११ दे. Z चौथ्या आणि सातव्या क्लॉकनंतर लागला पाहिजे. चौथ्याला लागला आणि सातव्याला नाही, तर तुझ्या टेबलात शेवटच्या ओळीतला x = 1 चा बाण 01 ऐवजी 00 ला गेलाय. ते ओव्हरलॅप न चालणारं मशीन झालं, आणि त्यात D0 = x·(Q1·Q0)' येतं.