गजाल लक्षात राहिली, आगळ राहिलं नाही

प्रश्न: आमच्या दुकानाची विनोदी जाहिरात सगळ्यांना आवडते, लोक हसतात, एकमेकांना पाठवतात. पण गिऱ्हाईक काही वाढत नाही. असं का होत असेल?

मी कुडाळात गेली बरीच वर्षं स्थानिक धंद्यांच्या जाहिराती करतो. मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ, जीपवरची घोषणा, जत्रेतले फलक, सगळं. तुम्ही सांगताय तेच माझ्याच एका जाहिरातीच्या बाबतीत घडलं होतं. तेव्हा तिचीच गोष्ट सविस्तर सांगतो.

वेंगुर्ल्याकडचे एक कोकम आगळवाले माझ्याकडे आले. माल उत्तम, घरच्या कोकमांचा. गणपतीच्या आधी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ हवा होता. मी लिहिलेली गोष्ट अशी: चाकरमानी मुंबईहून नवी गाडी घेऊन येतो आणि गावभर सांगत सुटतो की हिच्यात दोनशे घोड्यांची ताकद आहे. पाणंदीत गाडी चिखलात रुतते. मग एक म्हातारा बैलजोडी घेऊन येतो आणि म्हणतो, “दोनशे घोडे आसत म्हणत होतस ना गाडयेत? मगे माझ्या दोन बैलांका कित्याक बोलावतस?” म्हाताऱ्याचं काम एका दशावतारी नटाने केलं, आणि ते वाक्य त्याने असं काही टाकलं की चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरावालाही हसून हलला. शेवटी सगळे घरी जाऊन सोलकढी पितात आणि बाटली दिसते.

व्हिडिओ गावोगावी फिरला. आगळवाल्यांचा फोन मात्र वाजला नाही.

कारण मला कुडाळच्या एसटी स्टँडवर कळलं. बाकावर चौघेजण एकाच मोबाइलमध्ये डोकी घालून तोच व्हिडिओ बघत होते. म्हाताऱ्याचं वाक्य आलं, चौघे खदखदून हसले, आणि मोबाइल धरणाऱ्याने लगेच बोटाने व्हिडिओ मागे ओढला. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा हसू, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा बघून त्याने तो पुढे कुणालातरी पाठवला आणि मोबाइल खिशात घातला. बाटली एकदाही नीट दिसली नाही. घरी येऊन मी घड्याळ लावून पाहिलं. वाक्य एकोणतिसाव्या सेकंदाला संपत होतं आणि कंपनीचं नाव तेहतिसाव्या सेकंदाला येत होतं. म्हणजे ज्यांनी व्हिडिओ पुढे चालू दिला त्यांच्याही कानावर ते नाव हसण्याच्या आवाजाखाली पडत होतं. एकदा हसून झालं की बघणाऱ्याच्या मनात गोष्ट संपते. त्यानंतर जे येतं ते नाटक सुटल्यावर मंडपात केलेल्या सूचनेसारखं असतं, लोक चपला शोधत असतात.

पुढच्या आठवडा बाजारात मी ओळखीच्या दहा-बारा जणांना विचारलं. “जाहिरात कुणाची होती?” असं नाही विचारलं, फक्त “तो बैलांचा व्हिडिओ बघितलास? काय आहे त्यात?” एवढंच. बहुतेकांनी म्हाताऱ्याच्या हेलासकट वाक्य म्हणून दाखवलं. कशाची जाहिरात, म्हटल्यावर कुणी गाडीची म्हणाला, कुणी टायरची. ज्यांना कोकम आठवलं त्यांतल्या काहींनी नाव घेतलं ते दुसऱ्याच, मोठ्या आणि जुन्या ब्रँडचं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण यात नुसते पैसे वाया जात नाहीत. नाव पुसट राहिलं की माणूस ती जागा आधीपासून माहीत असलेल्या नावाने भरतो, आणि छोट्या धंदेवाल्याच्या पैशावर मोठ्याची जाहिरात होते.

जाहिरातीच्या धंद्यात याला ‘व्हॅम्पायर इफेक्ट’ म्हणतात. विनोद सगळं लक्ष शोषून घेतो आणि मालाच्या वाट्याला काही उरत नाही. पण यावरून ‘विनोदच नको’ असा निष्कर्ष काढू नका. वाइनबर्गर आणि गुलास या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९२ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. विनोद लक्ष वेधतो हे त्यात दिसलंच, पण मालाशी निगडित असलेला विनोद मालाशी संबंध नसलेल्या विनोदापेक्षा सरस ठरतो, हेही दिसलं. आपल्याकडची फेविकॉलची अंड्याची जाहिरात आठवा. अंडं काही केल्या फुटत नाही, आणि मग दिसतं की कोंबडी फेविकॉलच्या डब्यातून दाणे टिपते आहे. त्या गोष्टीतून डबा काढा, हसायला काहीच उरत नाही.

माझ्या बैलांच्या गोष्टीतून आगळ काढून काजूगर घाला, पापड घाला, होडीची सफर घाला, गोष्ट तशीच उभी राहते. तिथेच ती चुकली होती. तुमच्या जाहिरातीवर हा प्रयोग आज करून बघा: मालाच्या जागी शेजारच्या दुकानातला माल ठेवा आणि गोष्ट कुणालातरी सांगा. तो तितकाच हसला, तर तो विनोद तुमचा नाही.

दुसरी जाहिरात मी उलट्या टोकाकडून लिहिली. आधी आगळवाल्यांना विचारलं, लोक काय चुकतात? ते म्हणाले, बाहेरचं गिऱ्हाईक आगळ आणि सरबत एकच समजतं. सरबताच्या पाकात साखर असते. आगळ म्हणजे मिठात मुरवलेला कोकमाचा दाट रस, थोडासाच लागतो. बाटली महाग वाटते ती यामुळेच, कारण ती किती दिवस पुरते हे त्याला ठाऊक नसतं. विनोद इथेच सापडला. उन्हातून आलेला पाहुणा फडताळातली बाटली काढतो, पेला काठोकाठ भरतो आणि घटाघटा पितो. त्याचा चेहरा आक्रसत जातो. आतून काकी धावत येते: “मेल्या, ता आगळ आसा, सरबत न्हय! दोन चमच्यांत टोपभर कढी होता!”

इथे बाटली पहिल्या पाच सेकंदांत पाहुण्याच्या हातात आहे, लेबल समोर. हसू येतं ते मालाच्या गुणावर, आणि कुणी ते वाक्य दुसऱ्याला सांगितलं तर ‘आगळ’ आणि ‘दोन चमचे’ हे शब्द त्याला घ्यावेच लागतात. पहिल्याइतका हा व्हिडिओ फिरला नाही, निम्माही नाही. पण फोन आले, आणि बरेचजण सुरुवातच ‘दोन चमचेवाली बाटली’ अशी करत होते.

एक चूक याही वेळी झाली होती. पहिल्या कच्च्या व्हिडिओत शेवट पाहुण्याच्या वेड्यावाकड्या तोंडावर होता. तो बघून माझी बहीण म्हणाली, “भयंकर खारट दिसतंय, कोण घेणार?” विनोद मालाला चिकटला की त्याची कडू बाजूही मालालाच चिकटते. म्हणून मग शेवटी काकी नारळाच्या रसात दोन चमचे आगळ घालते, कढीला गुलाबी रंग चढतो आणि तोच पाहुणा वाटी पुढे करतो, एवढं वाढवलं.

जीपवरच्या घोषणेत मात्र हा प्रसंग वापरू नका, असं मी त्यांना सांगितलं. एकाच बाजारपेठेत तीच घोषणा दिवसात वीस वेळा कानावर पडते. तिसऱ्या वेळेनंतर हसू येत नाही, सातव्या वेळेला राग येतो. तिथे नाव, भाव आणि बाटली कुठे मिळते, एवढंच ठेवलं.

तुमचा व्हिडिओ आधीच फिरून झाला असेल तर नवा करण्याआधी बघणाऱ्या पाच जणांना गाठा आणि त्यात काय आहे ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. दुकानाचं नाव तुम्ही उच्चारू नका. ते कधी येतं, की येतच नाही, हे कान देऊन ऐका.