राजीनाम्याच्या मसुद्यात अडकलेले बाराशे ऑप्शन

प्रश्न : पुढच्या महिन्यात एका स्टार्टअपमध्ये रुजू होतोय. ऑफर लेटरमध्ये ४८०० स्टॉक ऑप्शन लिहिलेत, ‘चार वर्षांचं व्हेस्टिंग, एक वर्षाचा क्लिफ’. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे, तो या ऑप्शनमधून भरून निघेल असं मला सांगितलंय. समजा, दीड-दोन वर्षांत मी सोडून गेलो किंवा त्यांनी मला काढलं, तर यातलं माझ्या हातात नेमकं काय राहतं?

तुमच्याच आकड्याचं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं, तेच सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत, हिशेब मात्र तसाच ठेवला आहे.

ती आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये राजीनाम्याचा मसुदा तयार होता. दुसरीकडची ऑफर हातात होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे १५ एप्रिलला, मेल पाठवायचा होता. माझ्याकडे ती ऑप्शनसाठी आलीच नव्हती. नवी नोकरी घ्यावी की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. बोलता बोलता म्हणाली, “तसे माझे बाराशे ऑप्शन तर पक्के झालेत, क्लिफ मार्चमध्येच संपला.” मी बारा वर्षं मनुष्यबळ विभागात काढली आहेत. ‘पक्के झालेत’ हे ऐकलं की मी आधी कागद मागते.

बाराशे कुठून आले ते आधी पाहू. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या किमतीला पुढे शेअर विकत घेण्याचा तो हक्क असतो. हा हक्क एकदम मिळत नाही, काम करत राहाल तसा थोडा थोडा तुमचा होत जातो, आणि त्यालाच व्हेस्ट होणं म्हणतात. ४८०० ऑप्शन ४८ महिन्यांत वाटले की महिन्याला १०० पडतात. पण पहिल्या वर्षी दरमहा काहीच मिळत नाही. बारा महिने पूर्ण झाले की त्या दिवशी १२०० एकदम जमा होतात आणि तिथून पुढे दर महिन्याला १०० येत राहतात. पहिल्या बारा महिन्यांच्या या भिंतीला क्लिफ म्हणतात. अकरा महिने एकोणतीस दिवस काम केलेल्या माणसाला अकराशे नव्हे, शून्य मिळतं. तीन महिन्यांत निघून जाणाऱ्यांना भागीदार करायचं नसतं म्हणून कंपन्या ही भिंत उभी करतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. भिंत कुठे उभी आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

तिचं तसंच झालं होतं. ती आदल्या वर्षी १ मार्चला रुजू झाली. तुमच्यासारखंच तिच्याही ऑफर लेटरमध्ये ‘चार वर्षं, एक वर्षाचा क्लिफ’ एवढंच होतं. वर्ष कधीपासून मोजायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने आपल्या मनाने रुजू झाल्यापासून मोजलं. ऑफर लेटर हे साधारणपणे नुसतं आश्वासन असतं. ऑप्शन प्रत्यक्ष दिले जातात ते संचालक मंडळाने ठराव केल्यावर, आणि मग वेगळं ग्रँट लेटर येतं. तिच्या कंपनीत मंडळाची बैठक झाली २० मे रोजी. ग्रँट लेटर आलं, तिने पोर्टलवर ‘स्वीकार’चं बटण दाबलं आणि पत्र परत कधी उघडलं नाही. आम्ही दोघींनी ते उघडलं तेव्हा दुसऱ्याच परिच्छेदात ‘व्हेस्टिंग सुरू होण्याची तारीख : २० मे’ असं लिहिलेलं सापडलं.

म्हणजे नोकरीला साडेतेरा महिने झाले होते, पण क्लिफ यायला अजून पस्तीस दिवस होते.

ती क्षणभर गप्प बसली आणि मग तिचा चेहरा उजळला. “दोन महिन्यांची नोटीस आहे. उद्या राजीनामा दिला तरी १५ जूनपर्यंत मी कामावरच असणार. २० मे तर मधेच येतो!” हिशेब चुकीचा नव्हता. बऱ्याच कंपन्यांत नोटीसच्या काळातही व्हेस्टिंग चालू राहतं. पण कुठे राहतं आणि कुठे थांबतं, हे ग्रँट लेटरमध्ये सहसा नसतं. ते असतं प्लॅनमध्ये, म्हणजे कंपनीच्या सगळ्या ऑप्शनना लागू असणाऱ्या मूळ नियमावलीत. ग्रँट लेटरच्या तळाशी ‘प्लॅनच्या अटींच्या अधीन’ असं एक वाक्य असतं आणि सगळा जीव त्या वाक्यात असतो. पोर्टलवर प्लॅनची प्रत होती, तीसेक पानांची. त्यात ‘सेवासमाप्ती’ या शब्दाची व्याख्या शोधली. राजीनामा दिला असेल तर राजीनाम्याची सूचना दिल्याची तारीख हीच सेवासमाप्तीची तारीख धरली जाईल, आणि त्या दिवशी व्हेस्ट न झालेले सगळे ऑप्शन रद्द होऊन कंपनीच्या राखीव साठ्यात परत जातील, असं तिथे स्पष्ट होतं. शेवटचा कामाचा दिवस फक्त एका गोष्टीसाठी मोजायचा होता, ती पुढे येते.

तो मेल सकाळी गेला असता तर तिला एकही ऑप्शन मिळाला नसता. कुणी फसवलं असंही म्हणता आलं नसतं, कारण सगळं तिने स्वीकारलेल्या कागदातच होतं.

पुढचं सोपं होतं. नव्या कंपनीला तिने रुजू होण्याची तारीख पाच आठवडे पुढे मागितली, त्यांनी दिली. २० मे उलटला, पोर्टलवर १२०० हा आकडा ‘व्हेस्टेड’ रकान्यात आल्याचं तिने डोळ्यांनी पाहिलं, पानाची प्रत स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवली आणि २२ मे रोजी राजीनामा दिला. नोटीसच्या दोन महिन्यांत जून-जुलैचे २०० ऑप्शन मात्र मिळाले नाहीत, कारण व्हेस्टिंग राजीनाम्यापाशीच थांबलं होतं. या पाच आठवड्यांत कंपनीनेच तिला काढलं असतं तरी हाती काही लागलं नसतं. हा धोका तिने समजून घेतला होता.

तुम्ही विचारलेल्या ‘हातात काय राहतं’चं खरं उत्तर इथून पुढे आहे. २२ जुलै हा तिचा शेवटचा दिवस. प्लॅनप्रमाणे तिथून ९० दिवसांच्या आत, म्हणजे २० ऑक्टोबरपर्यंत, ठरलेली किंमत भरून शेअर घ्यायचे होते. याला एक्सरसाइज करणं म्हणतात. घेतले नाहीत तर व्हेस्ट झालेले ऑप्शनही संपतात, कुणी आठवण करून देत नाही. काही कंपन्या ही मुदत बरीच जास्त ठेवतात, पण ९० दिवस फार ठिकाणी दिसतात. बाराशेची किंमत तिच्या साधारण दीड महिन्याच्या पगाराएवढी होती. शिवाय शेअरचं त्या दिवशीचं मूल्यांकन आणि तिची ठरलेली किंमत यांच्यात जो फरक होता, त्यावर कर लागणार होता, म्हणजे एक रुपयाही हातात येण्याआधी. अनेक देशांत असंच आहे, तुमच्याकडचा नियम करसल्लागाराला विचारा. कंपनी बाजारात नोंदलेली नव्हती, त्यामुळे शेअर विकून कर भरण्याचा मार्ग बंद. तिने सल्लागाराकडे बसून हिशेब केला, बुडाले तरी चालतील एवढे पैसे ठरवले आणि ४०० शेअर घेतले. उरलेले ८०० तिने २० ऑक्टोबरला जाऊ दिले. इतकी धडपड करून वाचवलेले सोडून दिले म्हणून माझ्या एका सहकाऱ्याला हळहळ वाटली. मला तो तिचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटला.

आता तुम्हाला काढलं तर? नुसतं कामगारकपातीत काढलं आणि क्लिफ उलटला असेल, तर बहुधा व्हेस्ट झालेले तुमचे राहतात आणि मुदतीत घ्यावे लागतात. क्लिफच्या आधी काढलं तर काही नाही. मंडळ मनात आणलं तर सूट देऊ शकतं, पण तो तुमचा हक्क नव्हे. खरा काटा आहे ‘कारणास्तव काढणे’ या कलमात. तिथे व्हेस्ट झालेले ऑप्शनही त्याच दिवशी जप्त होतात, आणि काही प्लॅनमध्ये आधी विकत घेतलेले शेअरसुद्धा मूळ किंवा चालू किमतीपैकी जी कमी असेल त्या भावाने परत घेण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. अफरातफर, गुन्हा, गोपनीय माहिती फोडणं, एवढंच कारणांच्या यादीत असेल तर मी त्यावर वाद घालत नाही. पण ‘असमाधानकारक कामगिरी’ किंवा ‘कंपनीच्या मते गैरवर्तन’ असे शब्द दिसले, किंवा प्रतिस्पर्ध्याकडे गेल्यास सगळं रद्द असं लिहिलेलं असलं, तर तुमचे पक्के झालेले ऑप्शन कधीच पुरते पक्के होत नाहीत, असं समजून चाला.

तुमची सही अजून व्हायची आहे, हे तुमच्या बाजूचं आहे. प्लॅनची प्रत आताच मागा. ‘रुजू झाल्यावर मिळेल’ म्हणाले तर ‘वाचून सही करतो’ म्हणा. व्हेस्टिंग रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजलं जाईल, हे एक वाक्य ऑफर लेटरमध्ये घालून मागा. ठराव नंतर झाला तरी मागची तारीख धरायला अनेक कंपन्या सहज तयार होतात, मात्र काही देशांत ऑप्शन दिल्यापासून किमान एक वर्ष जावंच लागतं, तिथे कंपनीचाही नाइलाज असतो. मग निदान ठराव कोणत्या बैठकीत येणार, हे मेलवर लिहून घ्या. सेवासमाप्तीची तारीख कोणती धरतात आणि बिनपगारी रजेत व्हेस्टिंग थांबतं का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. प्लॅनमधल्या व्याख्या ते एकट्या तुमच्यासाठी बदलणार नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका.

आणि कमी पगाराचं. दीड वर्षात सोडलंत आणि सगळं तुमच्या बाजूने घडलं, तर ४८०० पैकी १८०० व्हेस्ट झालेले असतील, तेही पैसे भरून घ्यायचे. पगारातली तूट अठरा महिन्यांची मांडा आणि ती या अठराशेच्या शेजारी ठेवा, अठ्ठेचाळीसशेच्या नव्हे. तूट सोसण्यासारखी वाटली नाही तर ऑप्शन वाढवून मागण्याऐवजी पगार वाढवून मागा.