पहिल्या मुलाखतीआधी

बाळा,

मुलाखत वाळूजच्या औषध कंपनीत, क्यूसी लॅबसाठी आहे. आज रात्री सगळी पुस्तकं काढू नकोस. पहिला प्रश्न बहुधा "स्वतःबद्दल सांगा" हाच असतो. नवखी मुलं तिथं गाव, वडील, छंद सांगत बसतात आणि खरं काम राहून जातं. तू नाव, पदवी सांगून थेट प्रकल्पावर ये: परभणीच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा ईडीटीए टायट्रेशननं मोजला.

मग ते खोदून विचारतील, आणि तेच आपल्याला हवंय. बफर कशाला? पीएच १० च्या आसपास ठेवायला, नाहीतर रंगबदल स्पष्ट दिसत नाही. शेवट कसा ओळखला? लालसर रंग पूर्ण जाऊन निळा झाला. रीडिंग किती घेतली? जुळेपर्यंत. हे तू हातानं केलंयस, पाठ करू नकोस. फक्त दोनदा मोठ्यानं बोलून बघ.

एखादं नाही आलं तर "सर, हे मला माहीत नाही" म्हण. अंदाजानं ठोकू नकोस. अंदाजानं आकडा लिहिणारा माणूस लॅबला नकोच असतो. इंग्रजी अडलं तर मराठीत सांगू का, असं विचार.

मूळ मार्कमेमो आणि झेरॉक्स आजच फाईलमध्ये घाल.