पुढचे रंग, तारे आणि मागचा तक्ता

प्रश्न: खाण्याच्या पाकिटांवर पुढे हिरवे-पिवळे-लाल रंग असतात, काहींवर तारे असतात. वडिलांना बीपी आहे. लाल रंग नसलेलं किंवा जास्त तारे असलेलं पाकीट घेतलं तर पुरेसं आहे का? की मागचा बारीक अक्षरातला तक्ता दर वेळी वाचायलाच हवा?

उत्तर: सगळा तक्ता दर वेळी वाचायची गरज नाही. पण बीपी असेल तर त्यातली मिठाची ओळ मात्र दर वेळी बघा, कारण पुढचं चिन्ह सगळ्यात जास्त फसवतं ते नेमकं तिथेच. खाद्यपदार्थांच्या लेबलांवरची आकडेमोड तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

आधी रंगांचं बघू. ही पद्धत सगळ्यात स्पष्टपणे लिहून ठेवली आहे ती ब्रिटनमध्ये. तिथे २०१३ पासून फॅट, सॅच्युरेटेड फॅट, साखर आणि मीठ या चौघांना वेगवेगळा रंग देतात. मिठाचा नियम असा: १०० ग्रॅम पदार्थात ०.३ ग्रॅमपर्यंत मीठ असेल तर हिरवा, त्यापुढे १.५ ग्रॅमपर्यंत पिवळा आणि त्याहून जास्त असेल तर लाल. म्हणजे रंग ठरतो तो मुख्यतः १०० ग्रॅमच्या हिशेबावर. पण त्याच रंगाच्या चौकटीत जो ग्रॅमचा आकडा आणि टक्केवारी छापलेली असते, ती असते एका सर्व्हिंगची, म्हणजे एका वेळी खायच्या भागाची. एकाच चौकटीत दोन वेगळी मापं असतात आणि बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही.

याला जोडून आणखी एक नियम आहे. सर्व्हिंग १०० ग्रॅमपेक्षा मोठं असेल तर त्या एका सर्व्हिंगमध्ये किती आहे तेही बघायचं. मीठ १.८ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ६ ग्रॅम किंवा एकूण फॅट २१ ग्रॅमच्या वर गेलं, तर १०० ग्रॅमचा हिशेब काहीही सांगत असला तरी त्या घटकाला लाल रंग द्यायचा. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. माणूस मोठं ताट खातो तेव्हा १०० ग्रॅमचा हिशेब अपुरा पडतो, म्हणून तो आला. पण हा नियम सर्व्हिंगच्या आकारावर चालतो आणि पाकिटावर सर्व्हिंग किती लिहायचं ते बनवणारा ठरवतो.

एक हिशेब करून दाखवतो. समजा, गरम करून खायच्या तयार जेवणाचा ४०० ग्रॅमचा डबा आहे. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला फॅट ६ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २.८ ग्रॅम, साखर ३ ग्रॅम आणि मीठ ०.८५ ग्रॅम असं दिलं आहे. बनवणाऱ्याने लिहिलं आहे, "दोन सर्व्हिंग, एक सर्व्हिंग अर्धा डबा". अर्ध्या डब्यात फॅट १२ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ५.६ ग्रॅम आणि मीठ १.७ ग्रॅम येतं. तिन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत, म्हणून तिन्ही रंग पिवळे. साखर हिरवी. पुढून बघणाऱ्याला डब्यावर एकही लाल दिसत नाही आणि मिठासमोर दिवसाच्या २८ टक्के एवढंच लिहिलेलं दिसतं.

आता त्याच डब्यावर "एक सर्व्हिंग म्हणजे पूर्ण डबा" असं लिहिलं असतं तर? फॅट २४ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ११.२ ग्रॅम, मीठ ३.४ ग्रॅम. तिन्ही लाल. मिठाची टक्केवारी ५७. डब्यातला पदार्थ तोच, बदललेली आहे ती फक्त सर्व्हिंगची ओळ. आणि ४०० ग्रॅमचा डबा उघडून गरम केल्यावर एकटा माणूस अर्ध्यावर थांबत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यामुळे रंग बघण्याआधी निव्वळ वजन बघा आणि वडील प्रत्यक्षात त्यातलं किती खाणार ते ठरवा. मग मागच्या तक्त्यातला १०० ग्रॅमचा आकडा घेऊन स्वतः गुणा. ४०० ग्रॅम म्हणजे चारपट, एवढंच गणित आहे.

टक्केवारीतही एक बारकावा आहे. ब्रिटनच्या लेबलवर दिवसाचं मीठ ६ ग्रॅम धरून टक्के काढतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. तो आकडा धरला तर त्याच डब्याची टक्केवारी ५७ वरून ६८ वर जाते. आणि डॉक्टरांनी वडिलांना याहूनही कमी मर्यादा घालून दिली असेल तर पाकिटावरची टक्केवारी त्यांच्यासाठी बाजूला ठेवा, ग्रॅम मोजा.

दुसरी अडचण पिवळ्या रंगाची आहे. ०.३१ ग्रॅमही पिवळा आणि १.५ ग्रॅमही पिवळा, म्हणजे त्या एका रंगाच्या पोटात जवळजवळ पाचपट फरक मावतो. ब्रेडची दोन पाकिटं घ्या. एकात १०० ग्रॅमला ०.५ ग्रॅम मीठ, दुसऱ्यात १.२ ग्रॅम. पुढे दोन्हींवर पिवळाच. वडील रोज ४० ग्रॅमच्या चार स्लाइस खात असतील तर पहिल्या ब्रेडमधून ०.८ ग्रॅम मीठ जातं आणि दुसऱ्यातून १.९२ ग्रॅम. रोज खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थात हा फरक फार मोठा आहे आणि रंग त्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही. याच्या उलटही होतं. एखाद्या सॉसमध्ये १०० ग्रॅमला ६ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे तो ठळक लाल. पण ५ ग्रॅमचा एक चमचा घेतला तर पोटात जातं ०.३ ग्रॅम. मघाचा एकही लाल नसलेला अख्खा डबा याच्या अकरापटीहून जास्त मीठ देतो. (सॉस किती वेळा वाढून घेतला जातो, तेवढं मात्र बघावं लागेल.)

ताऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि माझ्या मते बीपीच्या माणसासाठी तारे रंगांपेक्षा कमी उपयोगाचे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतची पद्धत आहे. तिथे ऊर्जा, सॅच्युरेटेड फॅट, साखर आणि सोडियम यांचे वाईट गुण मांडतात. प्रोटीन, फायबर आणि फळं, भाज्या, कडधान्यं, सुकामेवा यांचं प्रमाण यावरून मिळणारे चांगले गुण त्यातून वजा करतात आणि उरलेल्या आकड्याचे तारे होतात. एका विषयात नापास झालेला मुलगा एकूण टक्केवारीत चांगला दिसावा, तसं इथे होऊ शकतं. फायबर आणि कडधान्यं भरपूर असलेला पदार्थ मिठात बराच वर असूनही बरे तारे मिळवून जातो. गणितात चूक झालेली नसते, ते गणित मुळात एकूण पदार्थाबद्दल बोलत असतं. तुमचा प्रश्न मात्र एकाच घटकाबद्दलचा आहे. काही पाकिटांवर ताऱ्यांशेजारी सोडियमचा आकडाही छापलेला असतो. तो असेल तर आधी तो वाचा.

तारे प्रत्येक प्रकाराच्या आपापल्या मोजपट्टीवर दिले जातात हेही लक्षात ठेवा. चीज आणि तेलं यांचे हिशेब बाकीच्या पदार्थांपेक्षा वेगळे असतात. त्यामुळे साडेतीन ताऱ्यांचं चीज आणि साडेतीन ताऱ्यांचं बिस्किट सारखंच, असा अर्थ निघत नाही. तुलना करायची तर चीजची चीजशी करा.

पदार्थ कोणत्या अवस्थेत मोजला यावरही तारे बदलतात. ऑस्ट्रेलियात दुधात घालून प्यायच्या एका नामांकित माल्ट-चॉकलेट पावडरवर साडेचार तारे छापलेले होते. ते मिळाले होते पावडर साय काढलेल्या दुधात मिसळून मोजल्यामुळे, म्हणजे बरेचसे गुण दुधाचे होते. नुसती पावडर मोजली असती तर दीड तारा मिळाला असता. बरीच टीका झाल्यावर २०१८ मध्ये कंपनीने ते तारे काढून टाकले आणि पुढे हा नियमही कडक झाला. मागच्या तक्त्यातही हाच सापळा असतो. "तयार केल्यानंतर" असा रकाना असेल तर तो सोडा आणि "विकल्याप्रमाणे" असलेला रकाना वाचा. सूपच्या पावडरीसारख्या पदार्थात मात्र उलट करा. तिथे पाण्यात तयार केल्यानंतरचा आकडा घ्या, कारण कोरडी पावडर कुणी १०० ग्रॅम खात नाही आणि पाण्यातून काही चांगले गुण उसने मिळत नाहीत.

तक्त्यात मिठाऐवजी सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलं असेल तर अडीचने गुणा. ३४० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ८५० मिलिग्रॅम, अर्थात ०.८५ ग्रॅम मीठ. घाईत सोडियमचा आकडा मिठाचा समजला तर पदार्थ आहे त्यापेक्षा कितीतरी सौम्य वाटतो.

मग रंग-तारे कधी वापरावेत? एकाच प्रकारची पाकिटं शेजारीशेजारी ठेवून पहिली चाळणी लावायला ते उत्तम आहेत. दहा पाकिटांतून तीन निवडायची असतील तर रंगांवर जा, मग त्या तिघांचा फक्त १०० ग्रॅमचा मिठाचा आकडा बघा. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे. या तिन्ही देशांत या पद्धती ऐच्छिक म्हणून आल्या, त्यामुळे चिन्ह नसलेलं पाकीट वाईट असेलच असं नाही आणि चांगलं असेलच असंही नाही. तिथे तक्त्याशिवाय इलाज नाही.

शेवटी एक गोष्ट, जी रंगांतही दिसत नाही आणि बहुतेक तक्त्यांतही नाही. मिठाचा आकडा खाली आणण्यासाठी काही पदार्थांत साध्या मिठाच्या जागी थोडं पोटॅशियम क्लोराइड घालतात. लेबलवरचं मीठ सोडियमवरून काढलेलं असल्यामुळे ते त्यात मोजलं जात नाही आणि रंग सुधारतो. बहुतेकांना हा बदल फायद्याचाच असतो. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर शरीरात पोटॅशियम साचू शकतं आणि ते हृदयाला धोक्याचं ठरतं. हे नाव फक्त घटकांच्या यादीत सापडेल. वडिलांच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवा आणि पोटॅशियम क्लोराइड असलेले पदार्थ चालतील का, हे एकदा विचारून घ्या.